प्रतिसाद: पैसे कोणत्या खात्यातून गेले?

"आईच्या खात्यातून प्ले स्टोअरचे 130 रुपये कापले गेले, पण तिच्या हिस्टरीत काहीच दिसत नाही. फोनवर माझं आणि भावाचंही जीमेल आहे. आई नागपूरला एकटी असते, तिला फोनवर काय सांगू?"

बँकेत विचारायला सीताबर्डीपर्यंत चक्कर मारायला लावू नका. बँकेला फक्त कार्ड किंवा यूपीआय दिसतं, जीमेल नाही. आईचं कार्ड तुमच्या किंवा भावाच्या खात्यातही जोडलेलं असू शकतं. मग पैसे तिचे जातात आणि नोंद मात्र तुमच्याकडे राहते.

प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोल फोटोवर टॅप करायला सांगा. तिथून खातं बदला, मग Payments & subscriptions आणि त्यात Budget & history. ही यादी त्या एकाच खात्याची असते, म्हणून तिन्ही खाती एकेक करून बघा. तारीख आणि रक्कम जुळली की सापडलं. दुसरी खूण म्हणजे पावतीची मेल, ती खरेदी करणाऱ्याच जीमेलवर येते. तिन्ही इनबॉक्समध्ये `GPA.` शोधा, ऑर्डर नंबर तसाच सुरू होतो.

भावाचं खातं मध्यंतरी फोनवरून काढलं असेल तर? तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं, अ‍ॅप उडवलं तरीही. अशा वेळी ब्राउझरमध्ये त्या खात्याने `play.google.com` वर लॉगिन करून रद्द करा. रिफंडही त्याच खात्यातून मागावा लागतो, शक्यतो 48 तासांच्या आत. खरेदी आईच्या खात्यावर हलवता येत नाही.