मसुद्यावर मिळालेले (आणि दिलेले) शेरे: अनुभव सांगा

शाईचे_डाग: आज प्रोजेक्टचे मसुदे तपासायला बसले आणि एका ज्येष्ठ सरांचं पत्र आठवलं. मी नोकरीत नवी होते, ते शेजारच्या टेबलावर बसायचे. अहवाल साध्या लंबकावरचा होता. मुलीने दोऱ्याची लांबी 20, 50 आणि 80 सेंमी घेऊन g काढला होता: 9.12, 9.51, 9.62. सरासरी 9.42, आणि खाली ‘मानवी चुकांमुळे फरक आला’. बहुतेक जण यावर ‘छान, पण अचूकता वाढव’ लिहून मोकळे होतात. सरांचं पत्र मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं:

‘तू तिन्ही उत्तरं वेगवेगळी मांडलीस, नुसती सरासरी दिली नाहीस, म्हणूनच तुझ्या तक्त्यात मला काहीतरी दिसलं. 20 दोलनांचा वेळ मोजून भागाकार केलास, तेही तसंच राहू दे. आता एकच मोठं काम. दोरा लांब होतो तसा तुझा g वाढत जातो. नुसती हाताची चूक असती तर आकडे कधी वर, कधी खाली गेले असते. लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस हे कृतीत लिहिलेलं नाही. ते आधी लिही. मग मानवी चुकांचं वाक्य ठेवायचं की काढायचं, तूच ठरव. आलेखाच्या अक्षांवर एकके नाहीत, ते शेवटी बघ. शुद्धलेखन मी अजून पाहिलेलंच नाही.’

तुमचे अनुभव लिहा. शेरे खाल्लेले चालतील, दिलेलेही.

पळता_भुई: आमच्या मसुद्यावर लाल शाईचा नुसता सडा. सगळं ऱ्हस्व-दीर्घ. मी दोन रात्री वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘नियंत्रित संच कुठाय?’ तो नव्हताच. मसुद्यावर कुणी अक्षरानेही म्हटलं नव्हतं 😂

गॅसवर_दूध: घाईत लिहितेय. 9.42 म्हणजे मुलीने लंबक फार मोठ्या कोनातून सोडला असणार. कोन मोठा की दोलनकाल वाढतो, g कमी येतो. सरांनी सरळ तेवढंच सांगायचं ना, पत्र कशाला?

अर्धा_चहा: @गॅसवर_दूध, कोनाचं खरं आहे, 30 अंशांवरून सोडला तर g तीनेक टक्क्यांनी कमी येतो. पण तिन्ही वेळा कोन तोच असेल तर तिन्ही उत्तरं सारख्याच प्रमाणात घटतील. इथे 20 ला घट जास्त, 80 ला कमी. म्हणजे प्रत्येक लांबीत ठरावीक तुकडा मोजायचा राहिलाय. 3 सेंमी व्यासाचा गोळा असेल आणि पट्टी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच लावली असेल, तर 1.5 सेंमी सुटतात. 21.5 मधून 1.5 गेले तर मोठा फटका, 81.5 मधून किरकोळ. हिशोब करून बघा, बरोबर हेच आकडे येतात. T² आणि L चा आलेख काढला असता तर रेषा शून्यातून गेली नसती, आणि चढावरून g तरीही बरोबर निघाला असता.

म्हणून त्या पत्रातलं कौतुक मला आवडलं. तीन ओळी वेगळ्या ठेवल्या म्हणून चूक सापडली, हे तिला कळलं. नुसतं ‘मांडणी सुबक’ लिहून पोरगी पुढच्या वेळी काय करणार?

गॅसवर_दूध: ओह, गोळ्याचं केंद्र! दूध उतू गेलं तुमच्या नादात.

रविवारची_आई: माझ्या मुलाचा अहवाल परवा द्यायचाय. स्पायरल चालतं का हार्ड बाइंडिंगच लागतं?

पळता_भुई: @रविवारची_आई, आधी मसुदा तरी तपासून आलाय का 😄

रविवारची_आई: आलाय. ‘चांगला प्रयत्न, 10 पैकी 6.’ बाकी काही नाही.

जुना_फळा: तिथेच घोळ आहे ताई. मसुद्यावर गुण घातले की मूल गुणच वाचतं. रूथ बटलर यांचा 1988 चा अभ्यास आहे: नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यांसोबत गुणही मिळाले त्यांचं तसं सुधारलं नाही. मी मसुद्यावर आकडा घालणं सोडलंय. पालक फोन करतात, तो भाग वेगळा.

पण त्या सरांशी माझं एक भांडण आहे. ‘कुठपर्यंत मोजलीस’ हा इशारा हुशार मुलीला पुरतो. चाचपडणारं मूल तेवढ्यावर ‘दोऱ्याच्या टोकापर्यंत’ एवढंच लिहून परत देईल. त्याला गोळ्याचं चित्र काढून ‘लांबी यावर दाखव’ असं सांगावं लागतं.

शाईचे_डाग: @जुना_फळा, चित्राचं पटलं. पण साठ मसुदे असले की एवढं लिहिणार कधी? सर एका मसुद्यावर अर्धा तास घालवायचे, त्यांच्याकडे मुलं मोजकीच असायची.

अर्धा_चहा: मी सगळ्यांना एकच मोठी दुरुस्ती सांगतो, बाकीच्या पुढच्या फेरीला. दुसरी फेरीच नसेल तर मात्र माझ्याकडेही उत्तर नाही.

रविवारची_आई: मग बाइंडिंगचं काय ठरलं?