ऑफरचा पत्ता नाही, तरी आधी पगार विचारतात. तुम्ही काय सांगितलं?

धागाकर्ती, वाळूज

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मागच्या उन्हाळ्यात शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघत उभी होते, तेवढ्यात पुण्याहून एका रिक्रूटरचा फोन आला. अनुभव किती, नोटीस पिरियड किती आणि लगेच, "करंट किती?" मी म्हटलं, "तीस हजार." खात्यात तेवढेच येतात, आणि आपल्याकडं पगार म्हणजे हातात येतो तोच.

दोन मुलाखती झाल्या. मग "३० टक्के वाढ देतोय" असा फोन आला. घरी पेढे आणले. ऑफर लेटरवर सीटीसी होता ४ लाख ६८ हजार. रात्री कपाटातून माझं जुनं अपॉइंटमेंट लेटर काढलं, तर त्यावर ४ लाख ८० हजार!

त्यांनी माझे तीस हजार बारानं गुणले, ३ लाख ६० हजार हाच माझा सीटीसी धरला आणि त्यावर ३० टक्के लावले. खरा सीटीसी महिन्याला ४० हजार. बेसिक १८ हजार, त्यावर कंपनीचा पीएफ २,१६० आणि ग्रॅच्युइटी ८६६. वर्षाखेरच्या बोनसचे महिन्याला ४ हजार धरलेले, विम्याचे ५००. हे सगळं सीटीसीत मोजतात, पण महिन्याच्या पगारात दिसत नाही. उरलेल्या साडेबत्तीस हजारांतून माझा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला की तीस.

स्लिपा आणि लेटर मेल केल्यावर ते ५ लाख १० हजारांवर आले. त्यापुढं, "मंजुरी याच आकड्यावर झालीय." पुण्याचं घरभाडं धरून मी नाही म्हटलं. अजून रुखरुख आहे. तुम्ही त्या प्रश्नाला नेमके कोणते शब्द वापरले, ते लिहा.

जालन्याहून, स्टील कारखान्यात मेंटेनन्स

ताई, सांगायचंच नाही. असं विचारणं कायद्यानं बंद आहे. मी दोघा-तिघांना तसं तोंडावर सुनावलंय. परत फोन आला नाही ही गोष्ट वेगळी.

संभाजीनगर, आठ वर्षं भरतीच्या कामात

दादा, तो कायदा तिकडं अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे, कॅलिफोर्नियात २०१८ पासून. आपल्याकडं तशी बंदी नाही. आणि फोन का येत नाही तेही सांगते. कंपनी आम्हाला जो तक्ता देते त्यात सध्याचा सीटीसी, अपेक्षा आणि नोटीस असे रकाने असतात. रकाना रिकामा गेला की पुष्कळदा ते नावच मागं पडतं.

पण आकडा पहिल्या मिनिटाला द्यायची गरज नाही. आधी विचारा, "सांगते, पण या पदासाठी किती तरतूद आहे?" मला कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा सांगते, कारण न जमणारा उमेदवार पाठवून माझाही वेळ जातो. तरी आग्रह धरला, तर "पगार" हा शब्दच टाळा. धागाकर्तीनं असं म्हणायला हवं होतं: "फिक्स ४ लाख ३२ हजार, बोनस ४८ हजार, एकूण सीटीसी ४ लाख ८० हजार. अपेक्षा ६ लाख." फिक्समध्ये पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आला. फोन ठेवला की हेच मेलवर टाका. पुढं मंजुरीच्या कागदावर तोच आकडा चढतो, आणि एकदा चढला की तो हलवणं आमच्याही हातात राहत नाही.

अपेक्षा सांगितली तरी काही कंपन्या जुन्या आकड्यावर टक्केच लावतात. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

नांदेडचा, सध्या पुण्यात

मी ५ लाख २० हजारांचे ७ लाख सांगितले होते. माझा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जायचा, म्हणजे १,८०० रुपये. पासबुकावरून खरा पगार कळणार नाही, असा हिशेब केला. तेवढं बरोबर निघालं. पण त्यांनी तीन महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ मागितला. तोवर मी राजीनामा देऊन बसलो होतो. ऑफर मागं घेतली. अडीच महिने नांदेडला घरी होतो, वडिलांना खरं कारण सांगायला तोंड नव्हतं. आकडा चढवू नका.

लातूरहून

माझा प्रश्न जरा येगळा हाय. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, पैसे रोख भेटतात. स्लिप नाही, पीएफ नाही. आता एका शाळेचे लोक करंट सीटीसी विचारायलेत. मी खरा आकडा सांगायलो, तर म्हणायलेत कागद दाखवा. काय दाखवू?

संभाजीनगर, भरतीच्या कामात

सर, रोखीचे पैसे रिटर्नमध्ये दाखवता का? दाखवत असाल तर मागच्या दोन वर्षांचं आयटीआर चालायला हवं.

लातूरहून

एका वर्षाचं भरलंय. तेबी कमी दाखवून.