सल्लेखना: मृत्यूची तयारी की सभ्य आत्महत्या?

निंबाळकरी: जैनांच्या सल्लेखनेची बातमी वाचली की डोकं फिरतं. म्हातारं माणूस अन्नपाणी सोडतं आणि घरचे मिरवणूक काढतात. आत्महत्येपेक्षा यात वेगळं काय आहे, कोणी सांगेल का?

कृष्णाकाठ: मिरवणुकीचं समर्थन मीही करणार नाही. पण व्रत म्हणून बघाल तर मरायची इच्छा हाच त्यातला दोष मानलाय. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, सांगितलेत. पहिला जगण्याची हाव, दुसरा लवकर मरावं ही इच्छा. वेदनेला कंटाळून कोणी आलं तर जाणता मुनी परवानगी देत नाही. आचार्य समंतभद्रांनी प्रसंगही मोजकेच सांगितलेत: टळणार नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा आजार.

आचार्य शांतिसागर महाराजांचं बघा. १९५५, कुंथलगिरी. त्यांची दृष्टी अधू झाली होती. दिगंबर मुनीला पुढची जमीन बघून पाऊल टाकावं लागतं, आहारातही जीवजंतू पाहावा लागतो. डोळे गेले की अहिंसेचं व्रत पाळणंच अशक्य. म्हणून त्यांनी आहार सोडला, ३६ दिवसांनी १८ सप्टेंबरला देह ठेवला. जगण्याला कंटाळून नव्हे. व्रत मोडून जगायचं नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

पुणेरी पगडी: सावरकरांनीही प्रायोपवेशन केलं, विनोबांनी पवनारला औषधपाणी सोडलं. सगळं एकच. आणि सुप्रीम कोर्टाने हे कायदेशीर ठरवलंय, वाद संपला.

वकीलसाहेब: संपलेला नाही. राजस्थान हायकोर्टाने १० ऑगस्ट २०१५ला संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, गुन्हा ठरवला, सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्टला त्या निकालाला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम राहिलं नाही, पण प्रवृत्त करण्याचं कलम आहेच. म्हणजे प्रश्न उपवास करणाऱ्यापेक्षा उशाशी बसलेल्यांचा जास्त.

सायलीची_आई: हैदराबादला त्या तेरा वर्षांच्या मुलीला ६८ दिवस उपाशी ठेवलं, ती गेली. त्याला धर्म म्हणायचं?

कृष्णाकाठ: ताई, ती तपस्या होती, सल्लेखना नव्हे. उपवास सोडून जगायचं, हे त्यात गृहीत असतं. राग रास्त आहे, पण धागा वेगळा.

निंबाळकरी: मग २०२५मध्ये इंदूरच्या तीन वर्षांच्या मुलीची बातमी आली, ती? मेंदूत गाठ होती, संथारा दिला. तिने कोणता अतिचार टाळला?

कृष्णाकाठ: ते मला पटलेलं नाही. व्रत घेणाऱ्याला आपण काय सोडतोय ते कळायला हवं. आमच्यातही यावर एकमत नाही, आणि काहींना माझं म्हणणं रुचणार नाही.

मिरजेची_लेक: आमच्या आज्जीची किडनी गेली होती, डायलिसिस तिने नको म्हटलं. महाराजांनी आधी नकारच दिला, "अजून जेवण पचतंय, बसता येतंय" म्हणाले. पुढे अन्न उतरेनासं झालं तेव्हा कुठे हो म्हणाले, तेही रोजचा नियम: आज एवढं सोडलं, उद्या परत विचारू. आधी भाकरी-भात गेला, मग दूध, मग ताक, शेवटी कोमट पाणी. पहिल्याच दिवशी तिने धाकट्या काकूला बोलावून माफी मागितली, दोघींची वर्षानुवर्षं बोलाचाली नव्हती. आम्ही पाळीपाळीने णमोकार म्हणायचो.

डॉ. गावठी: शेवटच्या टप्प्यात भूक आपोआप मंदावते, त्यामुळे अन्न सोडणं बाहेरून वाटतं तितकं छळाचं नसतं. तहान मात्र छळते. पाणीही बंद झालं की काही दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागतं. त्या अवस्थेत त्याने पाणी मागितलं तर कोणाचं ऐकायचं, शुद्धीत व्रत घेतलेल्या माणसाचं की आत्ता मागणाऱ्याचं?

कृष्णाकाठ: भगवती आराधना या जुन्या जैन ग्रंथात याचा विचार आहे. सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक, म्हणजे साधकाला सांभाळणारे मुनी, असावेत, निदान दोन तरी. साधक डगमगला तर त्याला हिणवायचं नाही, जुन्या साधूंच्या कथा सांगून धीर द्यायचा. त्या उपदेशाला 'कवच' म्हणतात.

निंबाळकरी: आणि इथेच माझं अडतं. पाणी मागणाऱ्याला कथा ऐकवायची, हा धीर की दबाव? दोन मुनी, सगळं गाव दर्शनाला रांगेत, अशात "मला जेवायचंय" म्हणायची कोणाची छाती होईल?

कृष्णाकाठ: रांगेचं म्हणणं मान्य. दर्शनाची गर्दी बंद झाली पाहिजे. कवचाचं नाही. धीर देणारा माणूस काढून घेतलात तर ते एकटं मरणं उरतं.

मिरजेची_लेक: आज्जीने एकदा रात्री पाणी मागितलं होतं. आईने चमच्याने दिलं. सकाळी महाराजांना सांगितलं, ते म्हणाले नियम पुन्हा घ्या, काही बिघडलं नाही.

निंबाळकरी: तुमचे महाराज समंजस होते म्हणून. नियम रोजचा होता म्हणूनही. आजन्म त्याग दिलेला असता तर आईने तो चमचा उचलला असता का, ते विचारा त्यांना.

मिरजेची_लेक: विचारलं. म्हणते, दिला असता, आणि महाराजांना सांगितलं नसतं.