लस तापली की गोठली?

शिंदे (बी-२०३): नमस्कार मंडळी. तातडीने विचारतोय. आबांना डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस लिहून दिली आणि मेडिकलमधून आणायला सांगितली. दुपारी ३ ला घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकून आणली. आज जळगावात ४४ अंश. घरी यायला ५० मिनिटं लागली, मध्ये पेट्रोल भरलं. उद्या सकाळी द्यायची आहे. चालेल ना?

रोहित (ए-५०१): डिकीत?! काका, माझं चॉकलेट १० मिनिटांत पातळ होतं तिथे 😅

जोशी काका (सी-१०२): फ्रीजमध्ये ठेवा लगेच, होईल परत गार.

मनीषा (ए-३०४): सुनंदाताईंना टॅग करते. त्या आरोग्य खात्यात लशींच्या स्टोअरला होत्या.

सुनंदाताई (बी-४०१): आले. शिंदेभाऊ, आधी थोडं विचारते. मेडिकलवाल्याने लशीसोबत काय दिलं होतं? आणि आत्ता लस नेमकी कुठे आहे?

शिंदे (बी-२०३): निळा जेल पॅक दिला, फ्रीजरमधून काढून. बॉक्सला रबराने घट्ट बांधून पिशवीत घातला. घरी आल्यावर हिने फ्रीजरखालच्या चिलर ट्रेमध्ये ठेवली. उन्हात तापली असेल, म्हणून जरा जास्त गारवा मिळावा असं वाटलं.

सुनंदाताई (बी-४०१): घरी पोचलात तेव्हा जेल पॅक कसा होता?

शिंदे (बी-२०३): वरून मऊ, बॉक्सकडची बाजू अजून दगडासारखी. चांगलं ना?

सुनंदाताई (बी-४०१): तीच बाजू मला नको होती. जोशी काका, तापलेली लस फ्रीजमध्ये ठेवली की गार होते, पण गेलेली ताकद परत येत नाही. उष्णतेचं नुकसान साठत जातं. आज अर्धा तास, उद्या अर्धा तास, सगळं मोजलं जातं.

पण या लशीच्या बाबतीत माझी खरी भीती उष्णतेची नाही, गोठण्याची आहे. हिला २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. जेल पॅक लागलेला होता, त्यामुळे ५० मिनिटांत लस फार तापली असेल असं वाटत नाही. मात्र फ्रीजरमधून नुकताच काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो, आणि अशा लशी शून्याच्या अगदी थोडं खाली गेल्या तरी गोठू शकतात. तो पॅक थेट बॉक्सला बांधलेला, आणि वरून चिलर ट्रे. दोनदा गोठायची संधी मिळाली तिला.

मनीषा (ए-३०४): पण गोठलेली लस वितळली की परत तशीच होते ना? पाण्याचं होतं तसं?

सुनंदाताई (बी-४०१): नाही गं. या लशीत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात आणि लशीचा कामाचा भाग त्यांना चिकटलेला असतो. पाणी गोठताना हे कण एकमेकांत दाबले जातात आणि गुठळ्या होतात. वितळल्यावर त्या सुटत नाहीत. हिपॅटायटिस बी, धनुर्वात, बाळांची पेंटा, सगळ्यांची तीच गत. एमएमआरची कोरडी पावडर उलट आहे, तिला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. म्हणून ‘लस म्हणजे बर्फात’ हा सरसकट नियम लावू नका.

शिंदेभाऊ, लस ट्रेमधून काढताना काही दिसलं का?

शिंदे (बी-२०३): मुलगी म्हणतेय बॉक्सला बर्फाचे कण चिकटले होते. तिने सिरिंज बाहेर काढून आडवी केली, तर आतला हवेचा बुडबुडा हललाच नाही. तिला वाटलं औषधच घट्ट आहे. आता १० मिनिटं ओट्यावर आहे, बुडबुडा पळतोय. हलवल्यावर एकसारखं पांढरं दिसतंय, गुठळी वगैरे नाही. म्हणजे ठीक आहे?

सुनंदाताई (बी-४०१): बुडबुडा अडकला म्हणजे आतलं गोठलं होतं. ही लस देऊ नका. आता छान दिसतेय म्हणून तिला माफी नाही. कधी गुठळ्या दिसतात, कधी दिसत नाहीत.

उलट बाजूही सांगते, नाहीतर उद्या कुणी चांगली लस फेकेल. अशी सिरिंज उभी ठेवली तर तळाशी पांढरं बसतं आणि वर पाणी दिसतं. ते नेहमीचंच आहे, नीट हलवल्यावर एकसारखं व्हायला हवं. झालं नाही तर बाद.

रोहित (ए-५०१): यूट्यूबवर शेक टेस्ट दाखवतात. दोन बाटल्या हलवून कुठली लवकर खाली बसते ते बघायचं. घरी करू?

सुनंदाताई (बी-४०१): आम्ही करायचो. पण त्याला त्याच बॅचची दुसरी बाटली मुद्दाम रात्रभर गोठवून, वितळवून तुलनेसाठी लागते. म्हणजे आणखी एक लस विकत घेऊन वाया घालवायची. शिंदेभाऊंचं बिल किती?

शिंदे (बी-२०३): ४ हजारांच्या आसपास. 😶

रोहित (ए-५०१): टेस्ट रद्द.

मनीषा (ए-३०४): ताई, पोलिओच्या बाटलीवर गोल आणि आत चौकोन असलेला स्टिकर असतो, तो बघून कळत नाही का?

सुनंदाताई (बी-४०१): तो असेल तर बघायचा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर चालते. रंग सारखा झाला किंवा जास्त गडद झाला की बाद. पण तो स्टिकर फक्त उष्णता मोजतो. लस गोठून दगड झाली तरी तो जसाच्या तसा राहतो. आणि मेडिकलमधल्या सगळ्या लशींवर तो नसतो.

जोशी काका (सी-१०२): ताई, दिलीच तर काही अपाय होतो का?

सुनंदाताई (बी-४०१): टोचलेल्या जागी सूज, गाठ येऊ शकते. पण मोठं नुकसान म्हणजे संरक्षण मिळणार नाही, आणि आपण समजणार आबांना लस झाली.

नुसती तापल्याची शंका असती तर मी एवढ्यात बाद म्हटलं नसतं. किती वेळ आणि साधारण किती तापमानात होती हे लिहून काढायचं, बॉक्सवरचा बॅच नंबर घ्यायचा आणि डॉक्टरांना किंवा बॉक्सवर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर विचारायचं. फ्रीजबाहेर किती वेळ चालते हे लशीलशीवर अवलंबून असतं, अंदाजाने ठरवू नये. तोपर्यंत लस फ्रीजमध्येच, पण ‘देऊ नका’ असं लिहून.

शिंदे (बी-२०३): ठीक आहे. दुसरी आणतो. कशी आणू?

सुनंदाताई (बी-४०१): घरी आणूच नका. क्लिनिकची वेळ आधी घ्या, सकाळी मेडिकलमधून उचला आणि थेट तिकडे न्या. तुमच्याकडे तो रुंद तोंडाचा जेवणाचा थर्मास आहे ना, तो रात्री फ्रीजमध्ये ठेवा. मेडिकलवाल्याने कडक जेल पॅक दिला तर घेऊ नका. फ्रीजच्या खालच्या भागातली पाण्याची गार बाटली पुरे, २० मिनिटांचा तर रस्ता. जेल पॅकच हवा असेल तर बाहेर ठेवून त्याला घाम येऊ द्या, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं पाहिजे. मग लशीचा बॉक्स आणि पॅक यांच्यामध्ये जाड पुठ्ठा. डिकीत नाही, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर.

आणि घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रीजच्या मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता. दारात नको, भाजीच्या ट्रेमध्येही नको.

जोशी काका (सी-१०२): माझं इन्सुलिन दारातच आहे. 🙈 हलवतो.

सुनंदाताई (बी-४०१): तेही गोठू देऊ नका काका. बाकी ते वेगळ्याने बोलू.

शिंदे (बी-२०३): अपडेट. सकाळी ९ ला उचलली, मुलीने थर्मास मांडीवर धरला, सव्वानऊला क्लिनिकमध्ये. डॉक्टरांनी हलवून, उजेडात बघून दिली. कालची सिरिंजही त्यांच्याकडेच दिली, ते त्यांच्या कचऱ्यात टाकणार आहेत. आबांचा हात थोडा दुखतोय, चहा मागितला आहे.

रोहित (ए-५०१): थर्मासमध्ये परत चहा भरायच्या आधी धुवा म्हणजे झालं 😄