50 हजारांचा लेखी प्लॅन: चालेल का?

शिरोलीकर: एमआयडीसीत नोकरी, शिफ्टमध्ये फोन लॉकरला. भांडवल 50,000. प्लॅन वहीत लिहिलाय: फक्त निफ्टी 200 मधले शेअर, डिलिव्हरी, ऑप्शन नाही. भाव 50 दिवसांच्या सरासरीच्या वर, 20 दिवसांच्या सरासरीपर्यंत उतरून परत वर बंद झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदी. स्टॉप त्या घसरणीच्या तळाखाली, भाव तिथं आला की आपोआप विक्रीला जाणारी जीटीटी ऑर्डर लावून. एका सौद्यात जोखीम 1 टक्का, एकावेळी जास्तीत जास्त तीन सौदे. काय चुकतंय?

रंकाळा_बुल: भावा, 1 टक्का म्हणजे 500 रुपये. त्यात काय मिळणार? 2 टक्के कर. स्टॉप लावलाय म्हटल्यावर ठरलेल्यापेक्षा जास्त जातच नाही.

जुना_डीलर: जातं की. 412 ला घेतला, स्टॉप 396. फरक 16, म्हणून 500 भागिले 16, 31 शेअर, म्हणजे 12,772 रुपये. इथवर प्लॅन बरोबर. आता कंपनीचा तिमाही निकाल खराब लागला आणि सकाळी भाव थेट 385 ला उघडला. तोटा 500 नाही, 837. त्यातून जीटीटीत ट्रिगर 396 आणि लिमिट 395 ठेवली असेल तर ऑर्डर जाते, पण 385 च्या बाजारात 395 ला कोण घेणार? ती तशीच पडून राहते, आणि तुझा फोन लॉकरात. लिमिट बरीच खाली, 380 च्या आसपास ठेव. विक्री बाजारभावालाच होते. आणि एक ओळ वाढव: निकालाच्या आदल्या दिवशी सौदा हातात ठेवायचा नाही.

हुपरी_चांदी: शेअरचा नाद सोड. एमसीएक्सवर चांदी रात्री साडेअकरापर्यंत चालते, शिफ्ट सुटल्यावर निवांत. आमच्या घरात चांदीचंच काम, भाव कळतोय.

जुना_डीलर: भाव कळणं वेगळं. सिल्व्हर मायक्रोचा सौदासुद्धा एक किलोचा. किलोमागे हजार रुपये विरुद्ध गेले की याचे दोन सौद्यांचे 500 संपले, आणि चांदी एका संध्याकाळी तेवढी सहज हलते. याच्या नियमात ती बसत नाही.

हुपरी_चांदी: मग स्टॉप जवळ लावायचा.

जुना_डीलर: जवळ लावलास तर रोज उडणार.

उद्यमनगर_वही: मला तीन सौद्यांचीच भीती वाटते. या सेटअपला एकाच आठवड्यात तीन बँका सापडतात. बँकांचा एक वाईट दिवस, की तिन्ही स्टॉप एकदम. एका क्षेत्रात एकच सौदा, असं लिही. खर्चही धर: 31 शेअरच्या घेण्या-विकण्यावर एसटीटी साधारण 25, वर स्टॅम्प आणि डीपीचे पैसे. 3,000 चा सौदा केलास तरी विकताना डीपी तेवढाच.

रंकाळा_बुल: एका क्षेत्रात एक म्हटल्यावर महिन्यात सौदेच किती होणार? प्लॅन आहे का उपास?

शिरोलीकर: निकालाचा नियम आणि क्षेत्राचा नियम, दोन्ही लिहिले. जीटीटीची लिमिट आज बदलतो. पण तीन सौद्यांत 38 हजार अडकणार. उरलेले 12 तसेच ठेवू की चौथा घेऊ?

उद्यमनगर_वही: ठेव.

रंकाळा_बुल: घे!