मदत हवी आहे: दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा की दिवाण आणि भारतीय बैठक?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मिरजेला दवाखान्याला आलेले नातेवाईक हमखास आमच्याकडे उतरतात, त्यामुळे महिन्यातून चार-पाच वेळा तरी दोघं-तिघं मुक्कामाला असतात.

थ्री प्लस वन प्लस वन सोफा घ्यायचं ठरत होतं. घेण्याआधी त्याच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर अंथरून बघितले. दहा फुटांतले तीन फूट मोठ्या सोफ्याने खाल्ले, अडीच फूट समोरच्या खुर्च्यांनी. मध्ये दोन फुटी टीपॉय ठेवला की दोन्हीकडे जेमतेम सव्वा फूट उरतो. चहाचा ट्रे घेऊन जाता येईना. आणि रात्री अंथरूण घालायचं कुठे?

म्हणून मन दिवाणाकडे वळलंय. सहा बाय तीनचा दिवाण एका भिंतीला, काटकोनात जमिनीवर गादी, आणि दिवाणाच्या पोटात जादा अंथरूण-पांघरूण. अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. त्यांना खाली बसवत नाही, म्हणून गादीसकट उंची सतरा-अठरा इंच तरी हवी. शिवाय तीन फूट खोल दिवाणावर टेकून बसलं की पाय अधांतरी राहतात. मागे फूटभर जाडीचे लोड लावले तर बसायला दोन फूट उरतील, पण लोड पुढे सरकतात असं बहीण सांगते.

कुणी असा दिवाण करून घेतलाय का? लोड जागेवर कसे ठेवता? आणि सामानासाठी वरची फळी उचलायची सोय बरी की समोरून ड्रॉवर? पाहुणा झोपलेला असताना पांघरूण काढायची वेळ आमच्याकडे नेहमी येते.