मदत हवी आहे: कँटीनला नियमित पुरवठ्याचा प्रस्ताव कसा द्यावा?

ओलसर_पेंढा: नमस्कार. एका कँटीनच्या मालकांना मी दोनदा भेटलो. दोन्ही वेळा त्यांनी नमुना ठेवून घेतला, "माल चांगला आहे, कळवतो" असे म्हणाले आणि पुढे काहीच झाले नाही. सोमवारी लेखी प्रस्ताव घेऊन जाणार आहे. त्यात नेमके काय लिहावे, हे कृपया लवकर सांगावे.

भटारखाना: माल कोणता, आठवड्याला किती निघतो आणि आपण कोणत्या वेळी गेला होतात, हे कळल्याशिवाय काय सांगणार? मी चौदा वर्षे एका मोठ्या स्वयंपाकघराची खरेदी पाहिली आहे.

ओलसर_पेंढा: धिंगरी अळंबी. आठवड्याला साधारण दहा किलो. मालक हमखास भेटतात म्हणून दुपारी साडेबाराला गेलो होतो.

मळेवाला: पेंढा नीट निर्जंतुक केला आणि खोलीत ओलावा टिकवला, तर उत्पादन वाढते. आपण बियाणे कोणते वापरता?

ओलसर_पेंढा: उत्पादनाची अडचण नाही, विक्रीची आहे.

सरळ_व्यवहार: पहिला आठवडा माल फुकट द्यावा. एकदा सवय लागली की मालक स्वतःच मागणी करतील.

भटारखाना: याच्याशी मी सहमत नाही. फुकट आलेला माल कोणी वजन करून घेत नाही, आचारी आठवेल तेव्हा तो वापरतो आणि मालकाला त्यातून काहीच कळत नाही. चाचणीची मागणी लहान असावी, पण विकत असावी. शिवाय साडेबारा ही जेवणाच्या गर्दीची वेळ असते. त्या वेळी "कळवतो" हेच उत्तर मिळणार. दुपारी तीननंतर जावे.

आता "साधारण दहा किलो"विषयी. सर्वांत कमी माल निघाला, त्या आठवड्यात तो किती होता?

ओलसर_पेंढा: सहा किलो. पहिला बहर आला की चौदा किलोपर्यंत जातो, दुसरा बहर आठ-दहा दिवसांनी येतो आणि तो कमी असतो.

भटारखाना: मग प्रस्ताव सहाच्या आत बसवा. मंगळवारी अडीच आणि शुक्रवारी अडीच, असे पाच किलो लिहा. एखादा पदार्थ फळ्यावर लिहून गिऱ्हाइकाला "आज नाही" असे सांगावे लागणे मालकाला सर्वांत जास्त खुपते. म्हणून त्याला चौदा किलोच्या आठवड्याचे कौतुक नसते, सहाच्या आठवड्याची धास्ती असते. चाचणी दोन आठवड्यांची ठेवा, कारण एका आठवड्यात आपला चढउतार त्याला दिसणारच नाही. अळंबी वाढवण्याच्या सर्व पिशव्या एकाच दिवशी न भरता दर आठवड्याला थोड्या भरल्या, तर बहर मागेपुढे येतील आणि पुढे आकडा वाढवता येईल.

माल सकाळी सात ते साडेसात या वेळेत, चिराचिरी सुरू होण्यापूर्वी पोचावा. वजन त्यांच्याच काट्यावर व्हावे, खराब निघेल तो भाग तिथेच परत घेऊन त्याच बिलातून वजा करावा. मागणी कमी-जास्त करायची असल्यास त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सांगावे, आणि तोडणी कमी होणार असेल तर आपणही त्याच वेळेपर्यंत कळवावे.

पालेभाजीताई: मी तीन खाणावळींना रोज पहाटे भाजी देते. आठवड्यातून दोनदा देऊन कोणी बांधले जात नाही. रोज तोंड दिसले पाहिजे.

भटारखाना: ताई, आपली पालेभाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते, म्हणून आपल्याला रोजची फेरी परवडते. धिंगरी शीतकपाटात तीन-चार दिवस राहते. आठवड्याचे पाच किलो रोज थोडे थोडे करून नेले, तर फेरीचा खर्चच निघणार नाही.

पालेभाजीताई: हे मान्य. पण ती राहते कशात? भाऊ, आपण कशात भरून देता?

ओलसर_पेंढा: प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. आता आठवते, दुसऱ्या भेटीत माझा पहिलाच नमुना त्यांच्या शीतकपाटात दिसला होता. गाठ तशीच होती, आत पाणी सुटले होते आणि कडा पिवळ्या पडल्या होत्या.

पालेभाजीताई: मग आपले उत्तर त्या पिशवीतच होते. तोंडावर चांगला म्हटलेला माल त्यांना आठवडाभर चिकट झालेला दिसत राहिला. भोके पाडलेल्या पिशवीत किंवा कागदात भरून द्या, आणि तोडणीची तारीख वर लिहा.

सरळ_व्यवहार: पैशांचे काय? महिनाअखेरीची उधारी दिल्याशिवाय कोणी पुरवठादार बदलत नाही.

भटारखाना: चाचणीत तरी दर शुक्रवारी हिशेब व्हावा. चार खेपांची उधारी थकली, तर बोलणी मालावरून पैशांवर जातात.

सरळ_व्यवहार: दर शुक्रवारी पैसे मागणारा मला तरी नको वाटेल.

ओलसर_पेंढा: सर्वांचे आभार. पहिला परिच्छेद असा लिहिला आहे: "येत्या मंगळवारपासून दोन आठवडे, दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी साडेसातपूर्वी, प्रत्येकी अडीच किलो धिंगरी अळंबी आपल्या काट्यावर मोजून देईन. चौथ्या खेपेनंतरच्या सोमवारी दुपारी तीन वाजता आपण बसून पुढचे ठरवू." पैशांची ओळ अजून कोरी आहे. उधारीविषयी आणखी कोणाचा अनुभव असल्यास रविवारपर्यंत लिहावे.